विमान लेट, मुलाखत साडेअकराला. समितीला मेल काय लिहावा?

सांजसावली | सकाळी ६:४८

जरा घाईचा धागा आहे, जे कोणी जागे असतील त्यांनी लगेच लिहा.

धाकट्या भावाची आज ११:३० ला दुसऱ्या शहरात मुलाखत आहे. संशोधन संस्थेतली जागा आहे, पाच जणांची निवड समिती, प्रत्येक उमेदवाराला ४० मिनिटं. त्याचं विमान ७:१० ला सुटून ८:५५ ला पोहोचणार होतं. आत्ता निरोप आलाय की ते ८:२० ला सुटेल. तो विमानतळावर बसलाय आणि त्याने मला मेलचा मसुदा पाठवलाय, "ताई, बघ आणि सांग" म्हणून. मसुदा असा:

"आदरणीय निवड समिती सदस्य, अत्यंत खेदपूर्वक कळवू इच्छितो की माझ्या नियंत्रणाबाहेरील तांत्रिक कारणांमुळे माझ्या विमानास विलंब झाला असून आजच्या मुलाखतीस वेळेवर उपस्थित राहणे मला कदाचित शक्य होणार नाही. झालेल्या गैरसोयीबद्दल मी मनःपूर्वक दिलगीर आहे. ही संधी माझ्यासाठी अत्यंत महत्त्वाची आहे. तरी मी पुढे यावे किंवा कसे, याबाबत कृपया मार्गदर्शन करावे."

मला तो वाचून काहीतरी खटकतंय, पण नेमकं काय ते सांगता येत नाहीये. शिवाय हिशोब केला तर ८:२० ला निघून १०:०५ ला उतरेल, पाऊण तास रस्ता, म्हणजे तसा वेळेत पोहोचतोच. मग मेल करावा की थांबून बघावं?

---

गणू_गोगलगाय | ६:५३

विमान कंपनीने सांगितलेल्या नव्या वेळेवर विश्वास ठेवणारा माणूस संशोधनाला योग्य नाही, हे समितीला कळवू नका म्हणजे झालं.

---

कडूनिंब | ६:५५

मुलाखतीच्या दिवशी सकाळचं विमान? आदल्या रात्री जाऊन राहायचं, हे साधं तत्त्व आहे. आजकालच्या मुलांना...

---

सांजसावली | ६:५७

@कडूनिंब, काल दुपारपर्यंत त्याची दुसरीकडे परीक्षेची ड्युटी होती. आणि आता तो विमानतळावर आहे, तेव्हा कालच्या रात्रीबद्दलचे सल्ले संध्याकाळी घेईन.

---

टर्मिनल_दोन | ७:०४

मी विमानतळावर ग्राउंडच्या कामात होतो, म्हणून आधी वेळेबद्दल बोलतो. मेलचं बाकीचे सांगतील.

८:२० हा आकडा धरू नका. ते विमान आत्ता तिथे उभं आहे का, हे आधी बघा. विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर फ्लाइट नंबर टाकला की बहुतेक वेळा कळतं, की हेच विमान आधी कुठून येणार आहे. ते अजून तिकडून उडालंच नसेल, तर तुम्हाला मिळालेली वेळ म्हणजे निव्वळ तात्पुरता निरोप. कंपनी अशा वेळी उशीर हप्त्याहप्त्याने सांगते. आधी तासभर, मग आणखी पाऊण तास. दरवेळी त्यांना तेवढंच ठाऊक असतं, मुद्दाम फसवतात असं नाही.

भावाला म्हणावं, गेटवरच्या माणसाला "किती वाजता सुटेल" विचारू नकोस. "येणारं विमान उडालं का आणि किती वाजता" हे विचार. त्याचं उत्तर बरेचदा खरं मिळतं.

---

सांजसावली | ७:२६

@टर्मिनल_दोन, विचारलं. विमान तिकडून नुकतंच उडालंय, ७:२० ला. तिकडून इथवर तास-वीस मिनिटं लागतात.

---

टर्मिनल_दोन | ७:३१

मग करा बेरीज. ७:२० ला उडालं, ८:४० ला इथे गेटला लागेल. लोक उतरणार, साफसफाई, इंधन, सामान, नवे लोक चढणार. याला छोट्या विमानाला पस्तीस-चाळीस मिनिटं घाईघाईत लागतात. म्हणजे ९:२० च्या आधी दार बंद होत नाही. तुमच्या वेळापत्रकाप्रमाणे प्रवास पावणेदोन तासांचा आहे, म्हणजे ११:०५ ला तिकडच्या गेटला. हातातलीच बॅग असेल तर बाहेर पडायला पंधरा मिनिटं, म्हणजे ११:२०. पाऊण तास रस्ता, १२:०५. संस्थेच्या फाटकावर नोंद, ओळखपत्र, पास यांना दहा मिनिटं धरा. सव्वाबारा.

थोडक्यात, वेळेत पोहोचायचा प्रश्नच उरलेला नाही. आणि मेलमध्ये १२:१५ सुद्धा लिहू नका, १२:३० लिहा. दुसऱ्यांदा उशीर कळवायची वेळ येऊ नये.

---

मोरपंखी_काका | ७:३३

अशा वेळी मेल विमान कंपनीला करायचा, तक्रार क्रमांक घ्यायचा. माझं एकदा सहा तास लेट झालं होतं तेव्हा मी सगळी बिलं जपून ठेवली, पाठपुरावा केला आणि पूर्ण पैसे परत मिळवले. पद्धत अशी, की आधी काउंटरवर लेखी मागायचं, तोंडी काही ऐकून घ्यायचं नाही. मसुदा हवा असल्यास देतो.

---

गणू_गोगलगाय | ७:३४

काका, त्याला पैसे नकोयत, नोकरी हवीय. पैसे मग आपोआप येतील.

---

नोंदवही | ७:४१

सांजसावली, मी बरीच वर्षं एका संस्थेत मुलाखतींचं समन्वयाचं काम केलं आहे. असे मेल माझ्याच इनबॉक्समध्ये यायचे. तुला काय खटकतंय ते सांगते.

तो मसुदा वाचून मला काहीच करता येत नाही. कोणत्या उमेदवाराचा आहे ते शेवटी सहीत कळणार. किती वाजता येणार ते नाही. "कदाचित" आहे, म्हणजे येणार की नाही तेही नाही. मला त्याला उलट मेल करून विचारावं लागेल, आणि तेव्हा तो हवेत असेल. चार ओळी दिलगिरीच्या आहेत आणि कामाची एकही नाही.

पण खरी गडबड शेवटच्या वाक्यात आहे. "मी पुढे यावे किंवा कसे." यात तीन वेगळे प्रश्न एकात कोंबलेत. पहिला, माझी उमेदवारी अजून धरली आहे ना? दुसरा, मी या विमानात बसू की इथेच थांबू? तिसरा, मी उशिरा दारात आलो तर आज आत घ्याल का, आणि कधी? समन्वयकाला यातला तिसराच प्रश्न सोडवता येतो, तोही समितीला विचारून. पहिला प्रश्न त्याने विचारूच नये. आपणहून "मी येऊ की नको" म्हणणारा माणूस माघार घ्यायला वाट शोधतोय, असं वाचणाऱ्याला वाटतं. माझ्यासमोर एका अध्यक्षांनी असा मेल वाचून "नको म्हणतोय वाटतं, पुढच्याला लवकर बोलवा" असं म्हटलेलं आहे. त्या मुलीला मुळीच तसं म्हणायचं नव्हतं.

म्हणून येतो आहे हे ठामपणे सांगायचं, आणि विचारायचं ते फक्त वेळेबद्दल.

एक विचारते. मुलाखतीच्या पत्रात दिवसभर थांबण्याबद्दल काही ओळ आहे का? बघून सांग. मेल अजून पाठवू नका म्हणावं, पाच मिनिटं.

---

सांजसावली | ७:४६

आहे! "उमेदवारांनी सायंकाळी ५ पर्यंत उपलब्ध राहावे." सकाळचं सत्र १० ते १, दुपारचं २:३० पासून. पत्र ज्या मेलवर आलं त्यावर समन्वयकांचं नाव आणि एक ऑफिसचा नंबर आहे. भावाने फोन केला, कोणी उचलला नाही.

---

नोंदवही | ७:५८

मग सोपं झालं. ती ओळ तुमच्या बाजूने आहे. समितीने आधीच मान्य केलंय की क्रम पुढेमागे होऊ शकतो.

फोन कोणी उचलणार नाही, ऑफिस साडेनऊच्या आधी उघडत नसेल. तरी मेल आत्ताच गेला पाहिजे, कारण ते आल्या आल्या पहिल्यांदा हाच दिसला पाहिजे. नवा मेल काढायचा नाही. ज्या मेलने मुलाखतीचं पत्र आलं त्यालाच उत्तर द्यायचं, म्हणजे खाली पत्र, वेळ, अर्ज क्रमांक सगळं आपोआप राहतं. फक्त विषयाची ओळ बदलायची. त्या पत्रात प्रतीत आणखी कोणी असेल, तर "सर्वांना उत्तर". पण समितीच्या सदस्यांचे पत्ते वेबसाइटवरून शोधून त्यांना वेगळा मेल पाठवायचा नाही. पाच ठिकाणी पाच वेगळी उत्तरं सुरू होतात आणि समन्वयक चिडतो.

मी आशय लिहून देते, त्याने त्याच्या शब्दांत पाठवावा.

"विषय: आज ११:३० ची मुलाखत (नाव, अर्ज क्रमांक) – विमानाला उशीर, १२:३० पर्यंत पोहोचतो

महोदय,
विमानाला उशीर झाल्यामुळे मी आज ११:३० ला पोहोचू शकत नाही. समितीची क्षमा मागतो. ७:१० चं विमान आता साधारण ९:२० ला सुटेल आणि मी १२:३० पर्यंत संस्थेत पोहोचेन.

मी येत आहे. १२:३० नंतर आज कोणत्याही वेळी, दुपारच्या सत्राच्या शेवटी दिली तरीही, मला मुलाखत देता येईल. पत्रात कळवल्याप्रमाणे ५ पर्यंत, आणि गरज पडल्यास त्यानंतरही थांबेन. आज प्रत्यक्ष घेणं समितीला शक्य नसेल, तर ते सुचवतील तो पर्याय मला मान्य आहे.

कोणत्या वेळी हजर राहू, हे कृपया कळवावं. ९:१५ ते ११:०५ माझा फोन बंद असेल, उतरताच मेल बघेन. तोवर काही निरोप नसेल तर थेट संस्थेत येऊन आपल्याला भेटेन.

नाव, मोबाइल"

"फोन बंद असेल" ही ओळ वरवर बारीक वाटते, पण गाळू नका. साडेनऊला समन्वयक फोन लावतो, लागत नाही, आणि त्याच्या मनात शंका येते. शेवटची ओळही मुद्दाम आहे. उत्तर लिहायला कोणाला वेळ झाला नाही, तरी काय होणार आहे हे दोन्हीकडे ठाऊक असतं.

---

अभय_मुद्रा | ८:०२

मेल छान आहे पण पुरावा कुठे आहे? बोर्डिंग पासचा फोटो, कंपनीच्या निरोपाचा स्क्रीनशॉट, तिकीट, सगळं जोडा. पुराव्याशिवाय कोणी विश्वास ठेवत नाही. आणि विमान कंपनीकडून उशिराचं प्रमाणपत्र मिळतं, तेही आत्ताच मागून घ्या. ते असलं की समितीला नकार देताच येत नाही.

---

नोंदवही | ८:०९

@अभय_मुद्रा, प्रमाणपत्र मिळतं हे बरोबर. ते मागून ठेवावं हेही बरोबर, प्रवासखर्च परत मिळणार असेल किंवा मुलाखत दुसऱ्या दिवशी गेली तर फाइलला लागतं. पण "नकार देताच येत नाही" असं काही नसतं. समिती उशिराचं कारण खरं मानूनही "सदस्य निघून गेले, जमत नाही" म्हणू शकते.

आणि पहिल्याच मेलला तीन जोडण्या लावल्या, की माणूस खुलासा देतोय असं दिसतं. फ्लाइट नंबर लिहा हवं तर. ज्याला खात्री करायची तो दोन मिनिटांत करतो.

---

रेघ | ८:११

मला एक वेगळंच सुचतंय. तो १२:३० ला पोहोचणार, मुलाखत ११:३० ला. मग विमानात बसायचंच कशाला? विमानतळावर बसून ११:३० ला व्हिडिओवर मुलाखत द्यायची. उशीरच नाही!

---

गणू_गोगलगाय | ८:१२

"आपल्या संशोधनाची दिशा काय?" "प्रवाशांनी कृपया गेट क्रमांक चारकडे..."

---

पाचवी_खुर्ची | ८:२०

रेघ यांची कल्पना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मी निवड समित्यांवर बसतो, त्या बाजूने लिहितो.

काही समित्या आता व्हिडिओला सहज हो म्हणतात. पण बाकीचे सगळे उमेदवार समोर बसून बोलले आणि एकाच उमेदवाराचा आवाज तुटत येतोय, तर गुण देताना अन्याय त्याच्यावरच होतो. आम्ही कितीही ठरवलं तरी होतो. फळ्यावर काही मांडून दाखवायचं असेल तर विचारूच नका. समोरासमोर दुपारी चारला बोलणारा उमेदवार मला साडेअकराच्या तुटक आवाजापेक्षा बरा.

शिवाय निर्णय कोण देणार? बोर्डिंग ९ च्या आसपास सुरू होईल, ऑफिस साडेनऊला उघडेल. समितीचा होकार हातात नसताना विमान सोडलं, आणि नंतर उत्तर आलं की "प्रत्यक्षच या", तर दोन्ही गेलं. उलट विमानात बसलात आणि व्हिडिओ म्हणाले, तर तिकडे उतरूनही व्हिडिओ देता येतो. म्हणून लेखी निरोप नसेल तर चढायचं. नोंदवहींच्या तीन प्रश्नांतला दुसरा प्रश्न इथेच संपतो, तो मेलमध्ये विचारायची गरज नाही.

---

रेघ | ८:२४

पटलं. तरी मेलमध्ये "व्हिडिओ" हा शब्द स्पष्ट टाकावा असं मला अजून वाटतं. "ते सुचवतील तो पर्याय" म्हणजे समितीने डोकं चालवायचं. तीन पर्याय क्रमाने लिहिले तर ते एका शब्दात उत्तर देऊ शकतात.

---

नोंदवही | ८:२८

तीन पर्याय लिहिले की त्यातला संस्थेला सगळ्यात सोपा निवडला जातो, आणि तो बहुधा व्हिडिओ किंवा "पुढच्या फेरीत बघू". मला हवं ते एकच स्पष्ट मागायचं आणि बाकी दार किलकिलं ठेवायचं, असं माझं मत. पण यावर माझ्या ऑफिसातही एकमत नव्हतं.

---

सांजसावली | ८:३३

८:१५ ला मेल गेला, जवळजवळ नोंदवहींचाच. विषयाच्या ओळीसकट. "सर्वांना उत्तर" दिलंय, प्रतीत प्रशासनातल्या एक बाई होत्या. व्हिडिओ लिहिलेला नाही. आता कंपनीचाही निरोप आलाय, नवी वेळ ९:१५. टर्मिनल_दोन, तुमचा अंदाज कंपनीच्या आधी आला, मानलं!

आता पुढचा प्रश्न. तो हवेत असताना मी साडेनऊ-पावणेदहाला त्या ऑफिसला फोन करू का? म्हणजे मेल बघितला की नाही एवढंच.

---

कडूनिंब | ८:३७

अजिबात नको. पीएच.डी. झालेल्या उमेदवाराची ताई फोन करते, हे दृश्य समितीपुढे जाऊ देऊ नका.

---

अभय_मुद्रा | ८:४०

करा की! त्यात काय? त्याचा फोन बंद आहे, हे सांगायला कोणीतरी माणूस हवाच. आणि स्पष्ट विचारा की त्याला किती वाजता घेणार, आणि पूर्ण ४० मिनिटं मिळणार ना.

---

नोंदवही | ८:४९

आधी भावाने स्वतः ९ वाजता, दार बंद व्हायच्या आत, पुन्हा एकदा नंबर लावून बघावा. काही ऑफिसांत मुलाखतीच्या दिवशी लोक लवकर येतात.

तू करायचा असेल तर फक्त एवढं: "अमुक यांचा साडेआठच्या आधी एक मेल आला आहे, ते प्रवासात आहेत म्हणून त्यांच्या घरून फोन करते आहे, कृपया मेल बघावा." बस. किती वाजता घेणार, किती मिनिटं देणार हे विचारायचं नाही. उमेदवाराशिवाय दुसऱ्या कोणाला आम्ही ते सांगतही नसू. दहा सेकंदांच्या फोनने कोणाचं वाईट मत झालेलं मी पाहिलं नाही. ताई पाच मिनिटं वाटाघाटी करू लागली, की मात्र होतं.

---

पाचवी_खुर्ची | ८:५५

इथे मी कडूनिंब यांच्या बाजूने झुकतो. नोंदवही म्हणतात तसा दहा सेकंदांचा फोन ठीक आहे, पण तो समितीपर्यंत पोहोचताना "घरच्यांचा फोन आला होता" एवढाच पोहोचतो. मेल आहे, विषयाच्या ओळीत सगळं आहे. समन्वयक मुलाखतीच्या दिवशी इनबॉक्स बघतोच.

---

नोंदवही | ८:५९

बघतोच असं तुम्हाला खुर्चीवरून वाटतं. मुलाखतीच्या दिवशी सकाळी समन्वयक प्रोजेक्टर लावत असतो, पाट्या लावत असतो आणि एका सदस्याला फाटकावरून आत आणत असतो. मेल मी कितीतरी वेळा साडेदहाला उघडलाय.

---

मोरपंखी_काका | ९:०३

प्रमाणपत्राचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, ते मी म्हणत होतो तेच. काउंटरवर लेखी मागा.

---

सांजसावली | ९:२४

भाऊ विमानात बसला. ९:०५ ला त्याने फोन केला तेव्हा शिपायाने उचलला, "साहेब आले नाहीत" म्हणाला. नाव आणि "मेल पाहा" एवढं लिहून ठेवायला सांगितलंय. आता मी गप्प बसते.

---

सांजसावली | ११:३१

उत्तर आलं! मेल आला होता १०:१२ ला, त्याने उतरल्यावर वाचला आणि मला पाठवला. फोन मी केला नाही. तसाच्या तसा देत नाही, पण सार असं: क्रम बदलून त्याला दुपारच्या सत्रात शेवटून दुसरं घेतलंय, ४ वाजता हजर राहावं, येताना मूळ ओळखपत्र. अध्यक्षांनी मान्यता दिली आहे.

तो आता टॅक्सीत आहे. चारपर्यंत काय करू, विचारतोय.

---

गणू_गोगलगाय | ११:३३

धागा वाचायला सांगा. चार वाजतील.

---

टर्मिनल_दोन | ११:३८

उतरताना प्रमाणपत्र मागायचं राहिलं असेल तर काळजी नको. बऱ्याच कंपन्या ते नंतर वेबसाइटवरून किंवा मेलवरही देतात. बोर्डिंग पास फेकू नकोस म्हणावं.

---

नोंदवही | ११:४४

छान. आता दोन गोष्टी. त्या मेलला लगेच दोन ओळींचं उत्तर: "आभारी आहे, ४ वाजता हजर राहीन, मी शहरात पोहोचलो आहे." यातलं "पोहोचलो आहे" समन्वयकाला हवं असतं. तिथून पुढे तो तुमची चिंता सोडतो. पुन्हा क्षमा नको, एकदा मागून झाली.

दुसरं, चारला बोलावलं म्हणून साडेतीनला जायचं नाही, सरळ आत्ता जायचं. दुपारच्या सत्रातला कोणी आलाच नाही, तर लवकर बोलावतात. सकाळी लेट झालेला उमेदवार दोन वाजता बाहेर बाकावर दिसला तर समन्वयकाला बरंच वाटतं.

---

पाचवी_खुर्ची | १२:०२

आणि आत गेल्यावर उशिराबद्दल एकच वाक्य. "वेळ बदलून दिल्याबद्दल आभार." विमानाची गोष्ट सांगू नये. आम्ही ती विचारतो, पण ते सौजन्य म्हणून, "प्रवास कसा झाला" असं. त्यावर तीन मिनिटं गेली तर त्याच्याच ४० मधली जातात.

एक कटू गोष्टही सांगतो. शेवटून दुसऱ्या उमेदवाराच्या वेळी कोणाला तरी परतीची गाडी असते. ४० ची २५ मिनिटं होऊ शकतात. तसं झालं तर सुरुवातीलाच विचारावं, "माझ्याकडे साधारण किती वेळ आहे?" आणि सादरीकरण त्याप्रमाणे कापावं. वेळ कमी मिळाला म्हणून नंतर मेल करणं मला तरी कधी उपयोगी पडलेलं दिसलं नाही.

---

अभय_मुद्रा | १२:१०

हेच मी म्हणत होतो, पूर्ण वेळ लेखी मागायला हवी होती. सगळ्यांना समान वेळ हा नियमच असायला हवा.

---

पाचवी_खुर्ची | १२:१७

असायला हवा, आणि जिथे ठरलेले प्रश्न सगळ्यांना विचारून गुण देतात तिथे असतोही. पण सकाळी सव्वाआठला उशीर कळवणाऱ्या माणसाने त्याच मेलमध्ये आपल्या मिनिटांची हमी मागणं... मी तरी तो मेल वाचून भुवया उंचावल्या असत्या. मुलाखत २० मिनिटांवर आणली तर मात्र तिथल्या तिथे, "दुसऱ्या दिवशी पूर्ण वेळ मिळू शकेल का" असं विचारणं मला गैर वाटत नाही. माझे सहकारी यावर वेगळं बोलतील.

---

सांजसावली | संध्याकाळी ६:२०

झाली मुलाखत. ३:२० लाच बोलावलं, मधला एक जण आला नव्हता. तो एक वाजल्यापासून तिथेच होता. अर्धा तास मिळाला. विमानाबद्दल अध्यक्षांनी एक वाक्य विचारलं, याने एक वाक्य सांगितलं. निकाल महिन्याभराने. सगळ्यांचे आभार, कडूनिंब तुमचेही.

एक अडचण मात्र कोणाच्या लक्षात आली नव्हती, ती पुढच्यांसाठी लिहून ठेवते. फाटकावरच्या पाहुण्यांच्या यादीत त्याच्या नावापुढे ११:०० ते १:०० अशीच वेळ होती. एकला गेला तेव्हा सुरक्षारक्षक आत सोडेना. समन्वयकाला फोन करावा लागला, तेही मुलाखतीच्या खोलीत होते, वीस मिनिटं फाटकावर उभा होता.

---

नोंदवही | ६:३४

अगं हो! हे माझ्याकडून सुटलं. वेळ बदलली की फाटकावरची यादी कोणी बदलत नाही. "पोहोचलो आहे" वाल्या उत्तरातच एक ओळ हवी होती: "प्रवेशपासाची वेळ बदलावी लागत असल्यास कृपया फाटकावर कळवावं." जिथे पास आदल्या दिवशी नावानिशी निघतात तिथे हे नक्की विचारा.

---

रेघ | ६:४१

म्हणजे "निरोप नसेल तर थेट येऊन भेटेन" ही ओळ अशा ठिकाणी चाललीच नसती की. उत्तरच आलं नसतं तर तो साडेबाराला फाटकावरून आत गेला असता, पण सव्वाला पोहोचला असता तर?

---

नोंदवही | ६:५०

तर बाहेरच राहिला असता, खरं आहे. त्या ओळीत "फाटकावरून फोन करेन" असं लिहायला हवं, आणि कोणत्या नंबरवर तेही. ऑफिसचा नंबर मुलाखतीच्या वेळी रिकाम्या टेबलावर वाजत असतो, तेव्हा समन्वयकाचा मोबाइल आधीच मागून ठेवावा. देतात की नाही ते ठिकाणावर आहे. आम्ही देत नव्हतो.